पट्टीची रुंदी चुकली हे आधीच कसं ओळखायचं?

प्रश्न: यंगच्या दोन फटींच्या गणितात फटींपासून पडद्याचं अंतर D आणि दोन फटींमधलं अंतर d यांची अदलाबदल होते. पेपर देण्याआधी चूक कशी पकडू?

उत्तर: इथे नुसती मिती तपासून भागत नाही. तरंगलांबी λ असेल तर पट्टीची रुंदी β = λD/d बरोबर, पण λd/D लिहिलं तरी एकक मीटरच येतं, कारण D/d ला मितीच नाही. मिती फक्त d लिहायचाच राहिला तर ओरडेल, कारण मग उत्तर चौरस मीटरमध्ये येतं.

अदलाबदल पकडायला आकडा किती मोठा आहे ते बघा. सोडियमचा प्रकाश, λ = 589 nm, D = 1 m, d = 0.5 mm घ्या. ढोबळ हिशेब: 6 × 10⁻⁷ भागिले 5 × 10⁻⁴, म्हणजे साधारण 1.2 × 10⁻³ m, सव्वा मिलिमीटरच्या आसपास. पडद्यावर दिसेल असा आकडा. उलटं सूत्र वापरलंत तर 3 × 10⁻¹⁰ m येतं. ही तर अणूएवढी पट्टी झाली, ती कुणाला दिसणार?

सगळ्यात जास्त घात होतो तो मिलिमीटरचा मीटर न केल्याने. d च्या जागी थेट 0.5 टाकलं की 1.2 × 10⁻⁶ m मिळतं आणि ते वरवर खरंही वाटतं. म्हणून एक खूण लक्षात ठेवा: β/λ आणि D/d सारखेच यायला हवेत. इथे D/d 2000 आहे, तर तुमचं β/λ जेमतेम 2 येतंय.

अर्ध्या पट्टीची चूक मात्र यात सापडत नाही. प्रकाशमान पट्टीऐवजी काळी धरली तर एकक आणि आकडा दोन्ही ठीकच दिसतात. तिथे प्रश्न पुन्हा वाचणं आलं.