लाईट गेली त्या रात्रीचा फ्रीझर

प्रश्न: रात्री वादळानं लाईट गेली की डीप फ्रीझरमधलं सामान किती तास टिकते? मधेमधे उघडून पाहावं का, अन् वरून बर्फ आणून टाकला तर चालते का? आमच्याकडे सोले अन् आंब्याचा रस भरून आहे.

ताई, तासाचा आकडा मी सांगते, पण आधी आमच्या घरची एक रात्र ऐका, त्यातच सगळं येते.

आम्ही दर्यापूर तालुक्यातले. मे महिना, रात्री पावणेदहाला वादळ आलं, शाळेजवळचा लिंब तारांवर पडला अन् अर्ध्या गावाची लाईट गेली. लाईनमनभाऊंनी फोनवरच सांगून टाकलं का खांबच वाकला, उद्या दुपारपर्यंत नाव घेऊ नका. घरात आडवा डीप फ्रीझर, अर्ध्याच्या थोडा वर भरलेला. जानेवारीत सोलून ठेवलेले तुरीचे सोले १२ किलो, रसाच्या पिशव्या, अन् वरच्या घरातल्या साध्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ३ किलो खवा, कारण रविवारी नणंदेचं डोहाळजेवण होतं. त्याच कप्प्यात भाऊजींनी आणलेलं चिकन.

पहिल्या दहा मिनिटांत सगळे एकदम बोलून राहिले. मामाजी टॉर्च घेऊन झाकण उचलाले निघाले, म्हणे पाहतो थंड आहे का. पोट्टा म्हणे इन्व्हर्टरवर लावू. तो जुना चौकोनी वेव्हचा इन्व्हर्टर, पंखे अन् बल्ब चालते त्यावर, पण कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम कितीतरी पट करंट ओढते. मागच्या साली लावला होता तवा नुसता घूं घूं करत तापला, थंड काही केलं नाही. मंडपवाल्याचा जनरेटर मागितला तर तो दुसऱ्या गावात लग्नात. म्हणजे जे काय करायचं ते आहे त्या थंडीवरच करायचं.

आता आकडा. गच्च भरलेला फ्रीझर झाकण न उघडता साधारण ४८ तास धरते, अर्धा भरलेला २४, अन् साधा फ्रीज खालच्या कप्प्यात ४ तास. पण हे काही आपल्या मे महिन्यातल्या टिनाच्या खोलीसाठी नाही, तिथं चांगलीच काट धरा. भरलेला जास्त टिकते याचं कारण असं का गोठलेला मालच बर्फासारखा काम करते. एक किलो बर्फ वितळाले जेवढी उष्णता खाते तेवढ्यात तेच किलोभर पाणी ० पासून ८० डिग्रीपर्यंत तापलं असतं. म्हणून माल उणे १८ वरून शून्याच्या जवळ पटकन येते, अन् तिथं मात्र अडून बसते. खरी लढाई त्या अडलेल्या तासांची आहे, अन् दरवेळी झाकण उघडलं की तेच तास कमी होतात. आडव्या फ्रीझरमधली थंड हवा जड म्हणून खालीच बसून राहते, उभ्या फ्रीजमधली दार उघडताच पायावर येते, तुम्हाला जाणवलंच असेल.

मी मामाजींना हात जोडून म्हटलं, मामाजी, आता एकदाच उघडू अन् काय करायचं ते आधीच ठरवू. हे टॉर्च धरून, आत्याबाई खवा घेऊन तयार, मी सोल्यांच्या पिशव्या मधे ओढून चिकटवल्या, खवा त्यांच्या अन् रसाच्या मधोमध दाबला, रिकाम्या जागेत पेपरचे बोळे कोंबले, हवा फिरू नये म्हणून. झाकण बंद. मिनिटभरात झालं असेल. मग वर दोन गोधड्या अन् चारही बाजूंनी बारदाना. प्लग काढून ठेवला. कच्चं चिकन मुद्दाम आत टाकलं नाही, ते पाझरलं तर बाकी सगळं खराब. रात्री साडेअकराला भाऊजींनी गॅसवर रस्सा टाकला, वासानं शेजारचे उठून आले. दूध उकळून विरजलं. बाहेर अंधारात पूर्ण गल्ली जेवून राहिली, काय सांगू.

बर्फाचं मात्र मी चुकले होते. रात्रीच आणायची घाई करत होते, तर कुल्फीवाल्या काकांनी अडवलं. म्हणे तुमचा माल आता उणे दहा-पंधरावर असेल, माझी लादी शून्याच्या आसपासची, ती आत टाकली तर तीच तुमच्या मालाची थंडी खाईन. पहाटेपर्यंत थांबा, अन् नुसता बर्फ नको, खडे मीठ घ्या. तेच खरं आहे बरं का. साधा बर्फ शून्यावर वितळते, पण रस अन् खवा त्यात साखर-क्षार असल्यानं शून्याच्या खाली जाऊनच कडक राहतात, म्हणजे शून्याचा बर्फ ठेवूनही रस मऊ होणारच. मीठ घातलं की बर्फ वितळत जाते अन् थंडी उणे पंधरा-वीसपर्यंत उतरते. कुल्फीचा सगळा धंदाच त्यावर चालते.

पहाटे साडेपाचला काकांनी भुश्यातली लादी फोडून दिली. ९ किलो बर्फ, ३ किलो खडे मीठ, थर देऊन झाकणाच्या स्टीलच्या चार डब्यांत भरलं. मोकळं टाकू नका, खारं पाणी पिशव्यांत शिरते अन् पत्र्याले गंज लागते. दुसऱ्यांदा झाकण उघडलं, डबे वरतून ठेवले, थंडी खाली उतरते म्हणून. पुन्हा गोधड्या.

लाईट आली दुपारी साडेचारला, म्हणजे जवळपास १९ तास. पोट्टा प्लग लावाले धावला, त्याले थांबवलं. आधी गोधड्या काढ, त्या जाळीवर राहिल्या तर कॉम्प्रेसरचा जीव गुदमरते. दुसरं, आमच्याकडे लाईट आली की दोन-तीनदा झटके खाते, व्होल्टेज वरखाली होते. वीस मिनिटं बल्ब नीट जळू दिला, मगच लावला.

टिकलं की नाही हे ओळखायची माझी एक खूण आहे. मी फ्रीझरमध्ये कायम एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवते. पूर्ण वितळून परत गोठलं असतं तर नाणं तळाशी गेलं असतं. आमचं बर्फात जेमतेम अर्धं रुतलेलं. म्हणजे वरचा भाग सुटला, खालचा राहिला. मग प्रत्येक पिशवी दाबून पाहिली. सोल्यांत बर्फाचे कण करकर लागत होते, ते परत गोठवले. रस कडेनं मऊ, मधे दगड, तोही परत आत. खव्याची एक पिशवी काठावर राहून गेली होती, बोट रुतत होतं, कण नव्हते, पण फ्रीजमधल्यासारखी गार होती. तिचे त्याच संध्याकाळी पेढे केले. हाताला कोमट लागली असती तर फेकलीच असती, वास चांगला येते म्हणून खाऊ नका, पोट बिघडवणाऱ्या जंतूंना वास नसते. परत गोठवलेले सोले शिजल्यावर जरा लिबलिबीत झाले, आमटीत कळलं नाही, सोलेभातात मात्र कळलं.

तुमचा फ्रीझर किती भरलेला आहे ते लिहा, अन् जागा असेल तर रिकाम्या बाटल्यांत चार बोटं कमी पाणी भरून आजच गोठवायला टाका, फुल्ल भरल्या तर फुटतात. आमच्याकडे आता आठ असतात. नाण्याची वाटीही आहे, फक्त ते पाचचं नाणं मामाजींचं होतं, अन् ते अजून दर आठवड्याले मला विचारतात, सूनबाई, माझे पाच रुपये कुठं गेले.