p इवलासा आला म्हणून हुरळून जाऊ नका

दोन गटांत प्रत्येकी 1 लाख विद्यार्थी आहेत, सरासरी गुणांत फरक 0.3 आणि प्रमाण विचलन 15. p, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, येतो साधारण 0.000008. पण फरक किती मोठा आहे ते सांगणारा कोहेनचा d काढा: 0.3 भागिले 15, म्हणजे 0.02. दोन्ही गटांतून एकेक विद्यार्थी चिठ्ठी टाकून उचलला, तर वरचढ गटातला पुढे असण्याची शक्यता जेमतेम 50.6 टक्के. नाणेफेकच की!

असं होतं कारण p ज्यावरून काढतात तो t हा d गुणिले √(n/2) असतो, आणि n म्हणजे प्रत्येक गटातली संख्या. n वाढवत गेलात की कितीही क्षुल्लक d असला तरी t वाढतो आणि p खाली येतोच. हाच d प्रत्येकी 100 जणांत असता तर p 0.89 च्या आसपास आला असता.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- भागताना प्रमाण विचलनच घ्या, n वाढला की घटणारी प्रमाण त्रुटी नको. नवशिके हमखास इथेच चुकतात आणि d अवाच्या सवा फुगतो. इथे तो 4.5 दिसेल, एवढा मोठा आकडा दिसला की आधी छेद तपासा.
- d सोबत 95 टक्के विश्वास अंतर, म्हणजे खरा d ज्या पट्ट्यात असावा तो, द्या. इथे ते 0.011 ते 0.029, म्हणजे फरक शून्य नाही, पण नगण्य आहे हे पक्कं.
- d लहान, मध्यम की मोठा हे ठरवणारे 0.2, 0.5, 0.8 हे टप्पे कामचलाऊ आहेत. 0.3 गुणांनी कुणाचं काय अडतं, ते आधी विचारा.

η² वगैरे परिणामाची इतर मापं नंतर बघू.