गुणांचा तक्ता मांडून नोकरी निवडावी का?

प्रश्न: हातात तीन-चार ऑफर आहेत. मन एकीकडे ओढतंय, पण मित्र म्हणतो एक्सेलमध्ये वेटेज देऊन गुण काढ. हे खरंच उपयोगी पडतं का? वेटेज कसं ठरवायचं?

उपयोगी पडतं, पण वेटेज बहुतेक लोक चुकीचं देतात आणि मग तक्त्याला नावं ठेवतात. आमचा दादा त्यातलाच, म्हणून हे लिहायला बसलो.

माझ्याकडे तीन ऑफर होत्या तेव्हा तो शेजारी खुर्ची ओढून बसला. "पगार सगळ्यात महत्त्वाचा, चाळीस टाक. काम पंचवीस, प्रवास वीस, साहेब पंधरा." ऐकायला शहाणपणाचं वाटतं ना? आता प्रत्यक्ष ऑफर बघा. 'अ'चा पगार सगळ्यात कमी, 'क'चा त्याहून तीन टक्के जास्त आणि 'ब'चा सहा टक्के. प्रवास मात्र एका बाजूने 'अ'ला २०, 'क'ला ४८ आणि 'ब'ला ९० मिनिटं. गुण देताना प्रत्येक बाबतीत सगळ्यात वाईटाला ० आणि सगळ्यात चांगल्याला १० धरले.

'अ', 'ब', 'क' या क्रमाने गुण असे झाले: पगार ०, १०, ५. काम १०, ४, ०. प्रवास १०, ०, ६. साहेब ६, १०, ०. दादाच्या वेटेजने 'ब'ला ६.५, 'अ'ला ५.४ आणि 'क'ला ३.२. "बघ, ब!" म्हणून तो उठलासुद्धा.

गोम इथेच आहे. जेमतेम सहा टक्क्यांच्या फरकाला चाळीस वेटेज मिळालं आणि रोज जाऊन-येऊन दोन तास वीस मिनिटं वाचतात त्याला वीस. पगार महत्त्वाचा आहे की नाही, हा प्रश्नच नाही. समोरच्या ऑफरमध्ये पगाराचा जो फरक आहे, तो किती महत्त्वाचा, हे विचारायचं. पगार तिन्हीकडे सारखाच असता, तर त्याला चाळीस द्या नाहीतर ऐंशी, क्रम तसूभरही हलला नसता.

म्हणून मी वेटेज उलट्या बाजूने काढलं. सगळ्याच बाबतीत वाईट अशी एक नोकरी डोळ्यासमोर आणायची: सगळ्यात कमी पगार, नव्वद मिनिटं प्रवास, कंटाळवाणं काम, खडूस साहेब. यातली एकच गोष्ट चांगल्या टोकाला नेता येणार असेल, तर आधी कोणती न्याल? मी म्हणालो, प्रवास. त्याला १००. त्याच्या तुलनेत काम सुधारणं ९०, साहेब ४० आणि सहा टक्के पगार २०. बेरीज २५०, म्हणजे शेकड्यात प्रवास ४०, काम ३६, साहेब १६, पगार ८. वेटेज B रकान्यात आणि पहिल्या ऑफरचे गुण C मध्ये ठेवून:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$5,C2:C5)/SUM($B$2:$B$5)
```

हे सूत्र उजवीकडे ओढलं. 'अ' ८.५६, 'ब' ३.८४, 'क' २.८०.

दादा म्हणाला, तुला हवं ते उत्तर काढलंस. आरोप रास्त होता, म्हणून तपासून पाहिलं. बाकीच्या तीन बाबींचं आपसातलं प्रमाण तेच ठेवून फक्त पगाराचं वेटेज वाढवत नेलं, तर 'अ' आणि 'ब' साडेसदतीसला बरोबरीत येतात. म्हणजे सहा टक्क्यांसाठी आठाच्या जागी अडतीस द्यायला तयार असेन, तरच 'ब'. साहेबाचे गुण तर तासाभराच्या मुलाखतीवरून दिलेले, निव्वळ अंदाज. 'अ'ला तिथे सहाऐवजी शून्य दिलं तरी ७.६० राहतात. असं ढकलून पाहिल्यावरही जो क्रम टिकतो, त्यावर विश्वास ठेवावा. पाव-अर्ध्या गुणाने पुढे असलेल्या ऑफरला 'पहिली' म्हणू नका.

"हे सगळं कॉम्प्युटरवाल्यांचं खूळ" असंही त्याचं एक मत आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७७२ साली जोसेफ प्रीस्टलीला पत्रात हेच सुचवलं होतं: कागदावर दोन रकाने करा, बाजूच्या आणि विरोधातल्या मुद्द्यांचं वजन ठरवा, सारख्या वजनाचे खोडत जा. तेव्हा कुठला कॉम्प्युटर? मनाचा कौल म्हणजे बहुतेक वेळा शेवटच्या मुलाखतीत कोण गोड बोललं त्याचा कौल, हे माझं स्पष्ट मत आहे.

हो, एक राहिलंच. जिथे तडजोड शक्यच नाही (रात्रपाळी चालणार नाही वगैरे), ते तक्त्यात घालू नका. अशी ऑफर आधीच बाजूला काढा, नाहीतर पगाराचे गुण तिला वर ढकलतील. आणि तुमची ती चौथी ऑफर अजून पक्की नसेल, तर ती आल्यावर वेटेज नव्याने काढावं लागेल. तिचा पगार बाकीच्यांच्या दीडपट निघाला, तर पगाराला आठ देऊन भागणार नाही. तेव्हा दादाचे चाळीसही मी मान्य करीन, पण हे त्याला सांगू नका.