टर्नटेबलचा एकच स्पीकर वाजतो आणि घूं आवाज येतो

प्रश्न: म्हापशाच्या घरी बाबांचा जुना टर्नटेबल लावला. डावा स्पीकर नुसता घूं करतो, गाणं उजव्यातच. अर्थची वायर अ‍ॅम्पला जोडली आहे. काय बिघडलं असेल?

उत्तर: दोन्ही बाजूंना घूं असती तर मीही आधी अर्थची वायरच बघितली असती. एकाच बाजूला घूं आणि गाणं गायब, म्हणजे बहुधा त्या चॅनेलची तार कुठेतरी सुटली आहे.

अ‍ॅम्प बंद करून फोनो इनपुटवरचे लाल-पांढरे प्लग आपसात बदला. घूं उजवीकडे गेली तर दोष टर्नटेबलकडे, डावीकडेच राहिली तर अ‍ॅम्प किंवा पुढे.

दोष टर्नटेबलकडे निघाला तर सुई बसते त्या कार्ट्रिजमागच्या चार बारीक तारा बघा. पांढरी आणि निळी डाव्या चॅनेलच्या, लाल आणि हिरवी उजव्या. माझ्या मडगावच्या घरी पावसाळाभर झाकून ठेवलेल्या टर्नटेबलची निळी क्लिप खाऱ्या दमट हवेने काळी पडली होती. चिमट्याने काढून पिन आणि क्लिप कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसली, क्लिप किंचित आवळून बसवली, आवाज परतला. कार्ट्रिजच्या पिनला सोल्डर मात्र लावू नका. उष्णतेने आतल्या कॉइलची केसासारखी तार तुटते.