ऑडिशनला कोणता सीन द्यायचा आणि निवड कशी करायची?

*१२ मिनिटांची शॉर्ट फिल्म आहे, बहीण-भावाची. ऑडिशनला कोणता सीन देऊ? आणि ओळखीच्यांकडे झुकतं माप जाऊ नये म्हणून काय करू?*

रडारडीचा क्लायमॅक्स देऊ नका. तिथे सगळेच जोर लावतात आणि फरक कळत नाही. दीड-दोन पानांचा असा तुकडा काढा, ज्यात पात्राचा पवित्रा मध्येच बदलतो. समजा, बहीण घर विकायचं म्हणतेय, भाऊ आधी चेष्टा करतो आणि मग त्याला कळतं की सह्या झाल्यात. वर दोन ओळींत संदर्भ लिहा आणि पानं दोन दिवस आधी पाठवा. पाठांतराची सक्ती नको.

प्रत्येकाला १५ मिनिटं द्या. पहिला टेक त्यांच्या मनाप्रमाणे. मग एकच सूचना: "राग दिसू देऊ नकोस, तिला समजावायचा प्रयत्न कर." दुसरा टेक पहिल्यासारखाच आला, तर सेटवरही तेच होणार. खरी परीक्षा हीच, म्हणून सूचना सगळ्यांना तीच द्या. समोरचे संवाद वाचणारी व्यक्तीही दिवसभर एकच ठेवा. ती बदलली की तुलनाच बिघडते. तुम्ही स्वतः वाचू नका, कागदात डोकं घातलं की चेहरा निसटतो.

गुण उमेदवार बाहेर पडताच, आपसात बोलण्याआधी, निवड करणाऱ्या प्रत्येकाने वेगळे लिहायचे. ओळखीचा कोणी असेल तर त्याला तुम्ही गुण देऊ नका, बाकीचे देतील.

कॉलबॅकला, म्हणजे निवडक लोकांच्या दुसऱ्या फेरीला, भूमिकेमागे दोघं-तिघं पुरेत, पण जोड्या बदलून वाचून घ्या. एकेकटे उत्तम वाटलेले दोघं एकत्र भाऊ-बहीण वाटतीलच असं नाही. शूटिंगच्या तारखा मात्र पहिल्याच फॉर्मवर विचारून घ्या.