‘वापरावेत’ म्हणजे नक्की काय करायचं?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पतसंस्थेच्या माहिती-सुरक्षा नियमांच्या मसुद्यातला तू पाठवलेला परिच्छेद वाचला. ‘कर्मचाऱ्यांनी सशक्त पासवर्ड वापरावेत, ते वेळोवेळी बदलण्यात यावेत व वैयक्तिक उपकरणांचा वापर शक्यतो टाळावा.’ ऑडिटर यावर टिकमार्क करील. पतसंस्थेच्या काउंटरवरच्या माणसाला मात्र यातून काहीच कळणार नाही.

मुख्य खोट ‘वापरावेत’मध्ये आहे. ‘रोज फिरायला जावे’ आणि ‘येथे सही करावी’, दोन्हीकडे रूप तेच. एकीकडे सल्ला, दुसरीकडे सक्ती. वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो. म्हणून सक्ती असेल तिथे ‘केलाच पाहिजे’ लिही, बंदी असेल तिथे ‘मनाई आहे’. सल्ला वेगळ्या पत्रकात जाऊ दे. ‘बदलण्यात यावेत’ हे तर आणखी वाईट, कारण कोणी बदलायचे तेच त्यात नाही.

‘वेळोवेळी’ सरळ काढून टाक. दर तीन महिन्यांनी बदलायला लावलं की Diwali@1 चा Diwali@2 होतो, एवढंच. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शनात ठरावीक मुदतीची सक्ती नको, पासवर्ड फुटल्याचं दिसलं तर बदलायला लावा, असंच सांगितलं.

आता ‘वैयक्तिक उपकरणे’. तुमचा वसुलीचा माणूस कर्जदाराच्या आधार कार्डाचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर शाखेत पाठवतो. पेन ड्राइव्ह हे उपकरण, हे त्याला पटेल. खिशातला फोन हे ‘उपकरण’ आहे, असं त्याच्या मनातही येत नाही. वस्तूंची नावं घे. मी असं लिहीन:

‘संस्थेच्या प्रणालीसाठी तुम्ही किमान १५ अक्षरांचा, इतर कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवलाच पाहिजे. तो कोणालाही, वरिष्ठांनाही, सांगण्यास मनाई आहे. तो दुसऱ्याला कळल्याची शंका आल्यास त्याच दिवशी बदला आणि आयटी विभागाला कळवा. स्वतःच्या मोबाइलवर ग्राहकाच्या कागदपत्रांचा फोटो काढण्यास आणि स्वतःचा पेन ड्राइव्ह संस्थेच्या संगणकाला लावण्यास मनाई आहे. कागदपत्रे संस्थेने दिलेल्या टॅबवरच स्कॅन करा.’

‘वरिष्ठांनाही’ हा शब्द कोणी खोडायला सांगेल, तरी सोडू नकोस. रजेवर जाताना पासवर्ड साहेबांना देऊन जायची पद्धत मी जवळून पाहिली आहे. पुढे एका चुकीच्या नोंदीवरून वाद झाला, तेव्हा ती कोणी केली हे ठरवताच आलं नाही.

शेवटच्या वाक्यावर अडशील. टॅब प्रत्येकाला मिळालाय का? नसेल तर फोटोची मनाई पहिल्याच दिवशी मोडणार, आणि मोडते हे सगळ्यांना माहीत असणार. मग एक तर टॅब मागून घे, नाहीतर तात्पुरती सवलत कोणाला, किती तारखेपर्यंत आणि कोणाच्या सहीने, हे तिथेच लिही.

मसुदा साहेबांकडे नेण्याआधी त्या वसुलीवाल्याला दे. वाचून झाल्यावर एवढंच विचार, ‘उद्या कर्जदाराच्या घरी गेल्यावर आधारचं काय करणार?’ तो ‘म्हणजे तसं बघितलं तर…’ म्हणाला, की मला परत पाठव.

तुझा,
जुना सहकारी