अचानक सुट्टी पडली तेव्हा माझं काम सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांना आभाराची छोटी चिठ्ठी कशी लिहू? परतफेडीचं कसं लिहावं?

मागच्या वर्षी बाबांना अचानक रुग्णालयात हलवावं लागलं आणि ऐन महिनाअखेरीस मी तीन दिवस कामावर नव्हते. परत आल्यावर ग्रुपवर लिहिलं, "सर्वांचे मनापासून आभार, काहीही लागलं तर हक्काने सांगा." चार जणांनी हात जोडले आणि विषय संपला. मला मात्र ते खटकत राहिलं. रात्री साडेनऊपर्यंत बसून माझा पगाराचा तक्ता जुळवणाऱ्या ताई आणि माझा एक फोन घेणारा सहकारी, दोघांना मी एकाच वाक्यात गुंडाळलं होतं.

म्हणून लिहिण्याआधी आपलं काम उघडून पाहा. मी तक्ता उघडला, तर ओव्हरटाइमच्या रकान्यात दुरुस्त केलेल्या प्रत्येक आकड्याशेजारी ताईंचा शेरा होता: 'हजेरीत दोन तास कमी'. मग त्यांना वेगळं लिहिलं:

"ताई, बुधवारी तुम्ही माझा पगाराचा तक्ता पूर्ण केलात. ओव्हरटाइम हजेरीशी पुन्हा ताडून पाहिलात आणि शेरेही लिहून ठेवलेत, त्यामुळे आल्यावर मला काहीच शोधावं लागलं नाही. बाबा आता घरी आले आहेत. पुढच्या महिनाअखेरीला तुमची बँकेची जुळवणी मी करते. २८ तारखेची संध्याकाळ त्यासाठी मोकळी ठेवली आहे. दुसरा दिवस सोयीचा असेल तर तो सांगा."

"कधीही सांगा" म्हटलं की मागायचं ओझं पुन्हा समोरच्यावरच पडतं, आणि बहुतेक माणसं मागतच नाहीत. कामाचं नाव आणि तारीख दिली की त्यांना फक्त हो म्हणायचं उरतं. पण जे खरंच आपल्या हातात आहे तेच कबूल करा. पाळी बदलून द्यायची असेल तर आधी वरिष्ठांची परवानगी काढा, मगच लिहा. ज्याने एखादाच फोन घेतला, त्याला दोन ओळी पुरतात. तिथे मोठं वचन दिलं तर तोच अवघडतो.

गैरहजेरीचं कारण एका वाक्यात येऊ द्या, नाही सांगितलं तरी चालतं. माफी मात्र पुन्हा पुन्हा मागू नका, नाहीतर आधी राबलेल्या माणसालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

वरिष्ठांनाही कळवावं, पण वेगळं आणि त्या व्यक्तीला विचारून. कुणी तुमचा पासवर्ड वापरून काम उरकलं असेल किंवा न सांगता उशिरापर्यंत थांबलं असेल, तर ते लेखी अजिबात नको. तुमच्या कौतुकापायी त्यांनाच जाब द्यावा लागेल. अशा वेळी समोर जाऊन बोला.

ताईंचं दहा मिनिटांत उत्तर आलं: "२८ नको, ३० ला कर. त्या दिवशी मला लवकर निघायचंय." ३० ला त्या चार वाजता निघाल्या आणि जुळवणी मी केली.